फॉर्म 16 मधील दोन लाख आणि हातून निसटणारा उरलेला तोटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातील करविषयक सदरात ‘गृहकर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंत वजावट मिळते आणि त्यावरचे व्याज पुढील आठ वर्षे वापरता येते’ असे एक वाक्य वाचले. हे वाक्य अर्धे खरे आहे, पण पगारदारांचे नुकसान त्यातल्या खोट्या अर्ध्यामुळेच होते. एका कारखान्याच्या वेतन विभागात बावीस वर्षे काम करताना दर जून-जुलैमध्ये सहकाऱ्यांची विवरणपत्रे माझ्या टेबलावर येत आली आहेत आणि हा गोंधळ मी दरवर्षी पाहतो. म्हणून हे पत्र.

कायद्यात दोन लाखांचा आकडा दोन ठिकाणी येतो आणि त्या दोन मर्यादा वेगळ्या आहेत. पहिली आयकर कायदा 1961 च्या कलम 24(ब) मधली, म्हणजे आपण स्वतः राहत असलेल्या घराची. ठरलेल्या अटी पूर्ण केल्यास अशा घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट वर्षाला जास्तीत जास्त 2 लाख रुपये मिळते. एखाद्याने 3,10,000 रुपये व्याज भरले असेल, तर वरचे 1,10,000 रुपये कायद्याच्या लेखी तोटाच ठरत नाहीत, आणि जो तोटा झालाच नाही तो पुढच्या वर्षात नेता येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी मर्यादा कलम 71(3अ) मधली. ती 2017 च्या वित्त कायद्याने आली आणि करनिर्धारण वर्ष, म्हणजे आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे वर्ष, 2018-19 पासून लागू झाली. भाड्याने दिलेल्या घराच्या बाबतीत व्याज संपूर्ण वजा होते, त्याला कमाल मर्यादा नाही. पण सगळ्या घरांचा हिशेब एकत्र करून ‘घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न’ या शीर्षाखाली जो तोटा निघेल, त्यातले वर्षाला केवळ 2 लाख रुपये पगारासारख्या दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येतात. उरलेला तोटा कलम 71ब प्रमाणे पुढील आठ करनिर्धारण वर्षांत नेता येतो. थोडक्यात, पुढे नेण्याची सोय आहे ती या दुसऱ्या मर्यादेमुळे उरलेल्या तोट्याची आहे, पहिल्या मर्यादेवरच्या व्याजाची नाही.

आमच्या एका सहकाऱ्याचे 2024-25 या आर्थिक वर्षाचे उदाहरण सांगतो. आकडे मी सोयीसाठी पूर्णांकात घेतले आहेत. दुसऱ्या शहरात त्याचा एक फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलेला आहे, आणि तो स्वतः कारखान्याजवळ भाड्याच्या घरात राहतो. फ्लॅटचे भाडे महिना 18,000 रुपये, म्हणजे वर्षाचे 2,16,000. त्यातून त्याने प्रत्यक्ष भरलेला महापालिकेचा 16,000 रुपये कर वजा केला की 2,00,000 राहतात. त्यावर 30 टक्के प्रमाणित वजावट, म्हणजे 60,000, गेली की 1,40,000 उरतात. कर्ज 60 लाखांचे, वीस वर्षांचे, व्याजदर 8.75 टक्के, पहिल्याच वर्षी बँकेच्या दाखल्यावर व्याज होते 5,20,000. तेव्हा तोटा निघाला 3,80,000 रुपयांचा. त्यातले 2 लाख पगारातून वजा झाले आणि 1,80,000 पुढे न्यायचे राहिले.

आता हे 1,80,000 कुठे हरवतात ते पाहा. टीडीएस कापताना पगाराव्यतिरिक्तचा जो एकच तोटा नोकरी देणाऱ्या मालकाला विचारात घेता येतो तो घरमालमत्तेचा, आणि तोही 2 लाखांपर्यंतच. त्यामुळे फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये घरमालमत्तेच्या ओळीत उणे 2,00,000 एवढाच आकडा छापून येतो. मूळ तोटा 3,80,000 होता याचा त्या कागदावर मागमूसही नसतो. या सहकाऱ्याने तोच आकडा उचलला, पगार आणि एकच घर असल्यामुळे आयटीआर-1 म्हणजे ‘सहज’ हे विवरणपत्र निवडले आणि जुलैमध्ये भरून टाकले. परतावा वेळेवर आला, नोटीस काही आली नाही, आणि सगळे ठीक आहे असे त्याला वाटले. करात खरोखरच चूक नव्हती. पण पुढे नेण्याचा तोटा कुठेच नोंदवला गेला नव्हता. आयटीआर-1 मध्ये तशी नोंद करण्याची जागाच नाही, आणि तोटा पुढे न्यायचा असेल तर आयटीआर-2 भरा अशी सूचना त्याच फॉर्मवर घराच्या उत्पन्नाखाली बारीक अक्षरांत दिलेली असते. तो माझ्याकडे दुसऱ्याच कामासाठी कागद घेऊन आला होता, तेव्हा बँकेचा व्याजाचा दाखला आणि फॉर्म 16 शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक लक्षात आला. सुधारित विवरणपत्र भरण्याची मुदत शिल्लक होती, म्हणून त्याने आयटीआर-2 भरले. आपली नोंद झाली आहे की नाही हे ओळखण्याची खूण एकच: भरलेल्या विवरणपत्राच्या पीडीएफमध्ये `Schedule CFL` हा पुढे न्यायच्या तोट्याचा तक्ता काढावा आणि घरमालमत्तेच्या रकान्यात उरलेला तोटा दिसतो का ते पाहावे. तिथे शून्य असेल, तर पुढच्या वर्षी मागण्यासारखे काहीही नाही.

दुसरा धोका मुदतीचा आहे, आणि तो जास्त फसवा आहे. धंद्याचा किंवा भांडवली तोटा पुढे न्यायचा असेल तर विवरणपत्र मुदतीत भरावेच लागते. घरमालमत्तेच्या तोट्याचे नाव मात्र कलम 80 च्या त्या यादीत नाही, म्हणून उशिरा भरले तरी चालते, असे जाणकार सांगतात. कलमापुरते ते बरोबर आहे. पण 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला जुनी प्रणाली निवडायची असेल तर ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडावी लागते. मुदत चुकली की माणूस नव्या प्रणालीत जातो, आणि त्या प्रणालीत घराचा तोटा पगारातून एक रुपयाही वजा होत नाही. 2 लाखांची सोयच नाहीशी होते. आमच्या सहकाऱ्याचा पगार 18 लाख. घरभाडे भत्त्याची सूट 2,40,000, पगारावरची प्रमाणित वजावट 50,000, कलम 80क खालील 1,50,000 आणि घराचा 2,00,000 तोटा वजा जाता त्याचे करपात्र उत्पन्न 11,60,000 झाले आणि जुन्या प्रणालीत उपकरासह कर बसला 1,66,920 रुपये. मुदत चुकली असती तर नव्या प्रणालीत 75,000 ची प्रमाणित वजावट सोडता त्याला काही मिळाले नसते आणि कर 2,15,800 झाला असता. विलंबशुल्क आणि व्याज धरलेच नाही, तरी हा 48,880 रुपयांचा फरक एका तारखेचा आहे.

आता मूळ मुद्दा: पुढे नेलेला तोटा हाताला लागतो का? पुढच्या वर्षी तो पगारातून वजा होत नाही, तर घरमालमत्तेच्या उत्पन्नातूनच व्हावा लागतो, आणि घर विकून झालेल्या भांडवली नफ्यातूनही तो वजा होत नाही. या सहकाऱ्याचे 1,80,000 करनिर्धारण वर्ष 2033-34 पर्यंत जिवंत राहतील. हप्ते नेहमीप्रमाणे चालू राहिले, तर त्या वर्षी, म्हणजे कर्जाच्या नवव्या वर्षी, व्याज अजूनही 4 लाखांच्या आसपास असेल. भाडे दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढले असे धरले तर ते 3,19,000 च्या घरात जाईल. महापालिकेचा कर तेवढाच धरून आणि तीस टक्के वजावट काढून 2,12,000 उरतील. म्हणजे त्याही वर्षी सुमारे 1,90,000 चा नवा तोटाच निघेल. जुना तोटा वापरायला उत्पन्नच नसल्यामुळे आठ वर्षांपूर्वीचे 1,80,000 त्या वर्षाच्या अखेरीस बुडतील, आणि त्यामागोमाग पुढच्या वर्षांचे.

ही सोय कामाला येते ती कर्ज लवकर फिटले तरच. समजा, त्याने सहाव्या वर्षी गावची जमीन विकून किंवा अन्य मार्गाने कर्ज संपवले, तर सातव्या वर्षी व्याज नाही. भाडे सुमारे 2,89,000 असेल आणि घराचे उत्पन्न 1,91,000 च्या आसपास निघेल. या एकाच वर्षी त्याचा पहिला 1,80,000 चा तोटा पूर्ण वापरला जाईल, कारण सर्वांत जुना तोटा आधी वापरावा लागतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर उपकरासह 56,160 रुपये कर वाचेल. म्हणून `Schedule CFL` मधील आकडा आज निरुपयोगी वाटला तरी नोंदवून ठेवण्याची सवय मी सगळ्यांना लावतो. घर घेतानाच पती-पत्नी दोघे सहमालक आणि सहकर्जदार असतील, दोघांनाही पगार असेल आणि दोघांनी आपापला वाटा भरला असेल, तर प्रत्येकाला आपल्या वाट्यापुरती वेगळी 2 लाखांची मर्यादा मिळते; वरच्या 3,80,000 चे निम्मे, 1,90,000, प्रत्येकाच्या मर्यादेत बसले असते आणि पुढे नेण्यासारखे काही उरलेच नसते. पण हे खरेदीखत होण्याआधी ठरवायचे असते.

माझ्या दोन मागण्या आहेत. फॉर्म 16 मध्ये घरमालमत्तेचा मंजूर तोटा आणि मूळ तोटा अशा दोन ओळी असाव्यात. वेतन विभागाकडे दोन्ही आकडे आलेले असतातच, छापायला जागा तेवढी हवी. दुसरी, आठ वर्षांची अट भाड्याने दिलेल्या घरापुरती काढावी. धंद्यातला घसारा उरला तर त्याला वर्षांची मर्यादा नाही. वीस वर्षांच्या कर्जावरचे व्याज मात्र आठ वर्षांत बुडते, हे पटणारे नाही. या अटीवर 2017 मध्ये फारशी चर्चा झाली नाही, कारण तेव्हा सगळ्यांचे लक्ष 2 लाखांच्या आकड्यावर होते. आपल्या सदरात ते वाक्य दुरुस्त करून छापावे आणि ज्या वाचकांनी भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज भरूनही यंदा आयटीआर-1 भरले आहे त्यांना, सुधारित विवरणपत्राची मुदत संपण्याआधी, बँकेचा दाखला आणि फॉर्म 16 शेजारी ठेवून पाहायला सांगावे, ही विनंती.

आपला,
वेतन विभागातील एक वाचक