सीटच्या चटक्याचा हिशेब

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझं निम्मं बोलणं हॉर्नमध्ये जातं, म्हणून सवडीनं लिहितोय. नोकरीच्या जोडीला स्वतःचं काहीतरी करायचं म्हणतेस आणि कल्पना सुचत नाही म्हणून चिडतेस. पण जुळे सोलापुरातून विजापूर रोडनं सात रस्ता आणि पुढं नवी पेठ, या रोजच्या वाटेवर जे जे डोक्यात जातं ते तू आईला रोज संध्याकाळी सांगतेस. मी शेजारी बसून ऐकत असतो. त्यातलं बरंचसं आपल्या हातातलं नाही. सात वाटा जिथं मिळतात तिथं संध्याकाळी गर्दी होणारच. धूळ, मध्येच थांबणारी रिक्षा, उसाच्या ट्रॉल्या, यांचा इलाज रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडं. तुझा वैताग खरा आहे, पण त्यातून तुला विकता येईल असं काही निघत नाही.

शेअर रिक्षा कुठं पोचली ते मोबाईलवर दाखवायची तुझी कल्पना मी बरेच दिवस डोक्यात घोळवली. तिची अडचण अशी की मोठ्या रस्त्यावर रिक्षा लगेच मिळते. त्रास वाट बघण्याचा नसून कोंबून बसण्याचा आहे, आणि नकाशा दाखवून तो जात नाही. शिवाय रिक्षावाल्यानं मोबाईल चालू का ठेवावा? त्याची रिक्षा तशीही भरते. रिक्षावाले नसतील तर प्रवासी येणार नाहीत, आणि प्रवासी नसतील तर रिक्षावाले येणार नाहीत. असा दोन्हीकडून एकदम उभा करावा लागणारा धंदा नोकरी सांभाळून पगारातल्या शिल्लकीवर होत नाही.

पण परवा तू बोलता बोलता एक गोष्ट सांगितलीस आणि लगेच दुसऱ्या विषयावर गेलीस. दुपारी ऑफिसमधून खाली आलीस, स्कुटी उन्हात होती, सीटला हात लावला तर चटका बसला, म्हणून ओढणीची घडी घालून बसलीस. आणि म्हणालीस, "सगळ्याच बायका असंच करतात." ताई, या वाक्यापाशी थांब. लोकांना त्रास होतो एवढ्यानं धंदा होत नाही. त्या त्रासावर लोक आधीपासून काहीतरी खटपट करत असतील, तर मात्र बघण्यासारखं आहे. ओढणी, रुमाल, पुठ्ठा, पाण्याच्या बाटलीतलं पाणी शिंपडणं ही सगळी खटपटच.

चटका का बसतो तेही समजून घे. वर काळं रेक्झिन, ते ऊन पिऊन घेतं. खाली फोम, तो उष्णता खाली जाऊ देत नाही. मग सगळी उष्णता वरच्या थरातच साठते. चाळिशीपार उन्हात सीट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते आणि आपण टेकलो की ती एकदम अंगात शिरते. आता टॉवेलचं बघ. त्याच्या पृष्ठभागावर सुताची उभी कडी असतात आणि कड्यांमध्ये हवा. अंगाला लागतात ती फक्त कड्यांची टोकं, त्यामुळं टॉवेल उन्हात गरम झाला तरी चटका देत नाही. वर घामही टिपतो. टॉवेलच्या कारखान्यात उभी हयात गेली म्हणून मला सगळीकडं टॉवेलच दिसतो, असं तुझी आई म्हणेल. म्हणू दे. पण हा माल तुझ्याच गावात किलोवर मिळतो, हे विसरू नकोस.

बाजारात सीटसाठी जाळीची कव्हरं मिळतात. म्हणून आधी एक काम कर. दुपारी गाड्या उन्हात उभ्या असतात अशा ठिकाणी जा आणि बायकांशी बोल. मात्र "असं कव्हर काढलं तर घ्याल का?" असं अजिबात विचारू नकोस. आपल्याकडची माणसं भिडस्त, समोरच्याचं मन मोडायला नको म्हणून हो म्हणतात. काल दुपारी गाडीवर बसताना काय केलंत, ते विचार. जाळीचं कव्हर घेतलं होतं का, घेतलं असेल तर आता कुठं आहे, ते विचार. त्यात साडी-ओढणी अडकते, की ते घसरतं, की धुता येत नाही, हे तिथंच कळेल. निम्म्या जणी "दोन मिनिटांत गार होतं, चालतं" म्हणाल्या तर हा विषय तिथंच सोड. काही जाणार नाही.

सोडावा लागला नाही, तर नमुना असा कर. चाटी गल्लीत सेकंडचे टॉवेल बघ, म्हणजे विणीत किंवा रंगात बारीक खोट असल्यामुळं वेगळे काढलेले. ३० बाय ६० इंची, म्हणजे ७५ बाय १५० सेंटिमीटरचा घे. वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असावं. याहून हलका घेतलास तर कडी विरळ असतात, आणि जास्त जाड घेतलास तर धुतल्यावर वाळत नाही. रंग पांढरा नको, सोलापूरच्या धुळीत तो आठवड्यात मळेल. काळा-निळा तापतो. आपल्या मातीचाच फिकट मातकट रंग बरा.

कापायच्या आधी टॉवेल धू. सुती माल पहिल्या धुण्यात आटतो, आणि कव्हर शिवल्यावर आटलं तर सीटवर चढणारच नाही. किती आटतो ते कळायला टॉवेलवर पेनानं ५० सेंटिमीटरचा चौकोन आख, धुऊन वाळवून पुन्हा मोज. ४६ भरला तर आठ टक्के आटला. उभा आणि आडवा वेगवेगळा आटतो, दोन्हीकडून मोज. त्याच पाण्यात पांढरा रुमाल टाक. रुमालाला रंग लागला तर तो माल घेऊ नकोस, नाहीतर कुणाच्या तरी पांढऱ्या सलवारीवर उमटेल.

खरी मेख कापण्यात आहे. रद्दी पेपरचा साचा काढून सीटची वरची बाजू आणि खाली वळणारी कड एकाच तुकड्यात कापायला गेलीस, तर एका टॉवेलात एकच कव्हर बसतं आणि उरलेल्या तुकड्याचं काहीच होत नाही. त्याऐवजी वरचा बसायचा भागच टॉवेलचा ठेव, सुमारे ६५ बाय ३३ सेंटिमीटर. बाजूची पट्टी साध्या मांजरपाटाची आणि तिच्या कडेला इलॅस्टिक. धुतल्यावर टॉवेल १३८ बाय ७० राहिला असं धर, त्यात असे चार भाग निघतात. कापलेल्या कडेची कडी लगेच सुटायला लागतात, म्हणून आधी ओव्हरलॉक आणि मगच जोडशिलाई.

आता हिशेब. भाव मी अंदाजानं धरलेत, तू दुकानात विचारून बदल. टॉवेल २०० रुपयांना धरला तर एका कव्हरात ५० रुपयांचा गेला. बाजूचं कापड २५, इलॅस्टिक १५, शिलाई ४०, धुणं आणि पिशवी १०. झाले १४०. दहातलं एखादं वाकडं शिवलं जाणार, तो तोटा बाकीच्यांवर टाकला तर १५५ धर. विकायचं २५० ला. दुकानात ठेवलंस आणि दुकानदारानं ३० टक्के घेतले, तर ७५ त्याचे. तुझ्या हाती २० रुपये. महिन्यानं पैसे देणारा दुकानदार भेटला तर तेही अडकून पडतील. थेट विकलंस तर ९५ सुटतात. म्हणून सुरुवातीला दुकानाच्या पायऱ्या चढू नकोस. एकाच आवारात पन्नास-साठ स्कुट्या लागतात अशी ऑफिसं, क्लास, दवाखाने धर. एका तुकड्यात कापलं असतंस तर नुसता टॉवेलच २०० चा झाला असता, हेही लक्षात ठेव.

बिघाड कुठं होतात? पहिला, मागच्या कुलपापाशी. सीट मागून उचलते आणि खटकन बसते. तिथं कापडाची चुणी आली तर वरून बसल्यासारखी वाटते, पण कुलूप लागलेलं नसतं. मागच्या बाजूला इलॅस्टिकला खाच ठेव आणि सीट बंद केल्यावर हातानं वर ओढून बघ. दुसरा, मागं बाई एका बाजूला बसली की कव्हर सरकतं. खालून दोन नाड्या आडव्या बांधल्या तर राहतं, आणि पार्किंगमधून कुणी पटकन ओढून नेण्याचीही भीती कमी होते. तिसऱ्याला औषध नाही. पावसात टॉवेल पाणी धरून ठेवतो आणि वर बसणाऱ्याची फजिती होते. म्हणजे हा माल शिमग्यापासून मृगापर्यंतचा. जानेवारीत शिवून ठेवायचा, जूनमध्ये थांबायचं, आणि उरलेला माल वर्षभर सांभाळायची तयारी ठेवायची. म्हणून पहिल्या हंगामात थोडाच कर.

पहिली पाच कव्हरं ओळखीच्यांना दे, पण फुकट देऊ नकोस. फुकटचं कुणीही घेतं आणि छान म्हणतं. शंभर रुपये ठेवून घे, आवडलं नाही तर परत करीन म्हण. दोन आठवड्यांनी त्यांना काही विचारू नकोस, नुसतं पार्किंगमध्ये जाऊन गाड्या बघ. कव्हर सीटवर असेल तर ठीक. डिकीत गेलं असेल तर ते का काढलं, एवढंच विचार. कुणी बहिणीसाठी दुसरं मागितलं तर मला लगेच फोन कर.

एवढं जमलं की तुला वाटेल, आपल्या रंगाचं, आपल्या मापाचं कापड विणूनच घ्यावं. घाई करू नकोस. टॉवेल विणायला मागावर दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले मोठे रूळ, लागतात, एक खालच्या पायाच्या धाग्याचा आणि एक कडीचा. तुझ्या वीस किलोसाठी कोणी मागवाला चालू माल उतरवून बीम भरणार नाही, आणि भरलाच तर तुझ्या गळ्यात नको इतका माल मारेल. आणखी एक. हे चाललं तर गावातला कुणीही टॉवेलवाला आठवड्यात अशीच कव्हरं शिवू शकतो, आणि तुझ्यापेक्षा स्वस्तात. तुझ्याकडं राहील ते कुठल्या गाडीला कुठला साचा आणि कुलपापाशी खाच किती, हे ज्ञान. म्हणून प्रत्येक गाडीचा साचा पेपरवरून पुठ्ठ्यावर उतरवून त्यावर गाडीचं नाव आणि वर्ष लिहून ठेव. एकाच नावाच्या जुन्या-नव्या गाडीचं सीट सारखंच असेल असं धरू नकोस.

शनिवारी येताना एक टॉवेल धुऊन, वाळवून आण. तुझ्या स्कुटीचा पेपरचा साचाही आण. शेजारच्या काकूंच्या ओव्हरलॉक मशीनबद्दल आईनं विचारून ठेवलंय, त्या दुपारी तीननंतर मोकळ्या असतात.

तुझे
बाबा