खुलभर दूध आणि चार मिनिटं

व्हिबोर्ग, डेन्मार्क
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. आई आणि अण्णांना साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार, कारण निम्म्याहून जास्त पत्र तिच्यासाठीच आहे. पिंट्या, तिला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं गाळू नकोस. मला कळतं.

मी बरी आहे. जेवते. आई, वजन कमी झालेलं नाही, फोनच्या कॅमेऱ्यात तोंड लांबट दिसतं एवढंच. सोमवार धरलाय. इथं या दिवसांत रात्री नवाच्या पुढंही उजेड असतो, त्यामुळं दिवस मावळल्यावर सोडायचा म्हटलं की खिडकीशी बसून सूर्याकडं डोळे वटारावे लागतात. मागच्या सोमवारी आठलाच सोडला. महादेवाला घड्याळातला फरक कळत असेल.

एक गोष्ट सांगते, ओरडू नका. इथले लोक तान्ही लेकरं बाहेर झोपवतात. मी शनिवार-रविवार ज्या कॅफेत भांडी घासते, तिथं बाई येते, बाळगाडी बाहेर भिंतीला लावते, चाकाला ब्रेक घालते आणि आत येऊन निवांत कॉफी पीत बसते. लेकरू बाहेर. थंडीतसुद्धा! पहिल्यांदा मी हातातला फडका तसाच ठेवून बाहेर पळाले, मला वाटलं कुणीतरी विसरून गेलं. आत आले तर सगळे माझ्याकडंच बघायलेत. मग एकीनं समजावलं की मोकळ्या हवेत लेकरू चांगलं झोपतं, गाडीत जाड दुलई असते, आवाज यायचं यंत्र असतं, आणि त्या बाईनं मुद्दाम काचेजवळची खुर्ची धरलेली असते. ते खरं आहे, नीट बघितलं तर आईचा एक डोळा कायम बाहेर असतो. तरी रडण्याचा आवाज आला की माझा हात थांबतो. आई, तुझं काय होईल ते मला माहीत आहे. तू सगळ्या गाड्या आत ओढून आणशील.

आता अण्णांच्या प्रश्नाकडं येते. "एवढं कर्ज काढून तिकडं जाऊन आपलीच कहाणी लिहायलीस, ती तर आजी फुकट सांगती," असं तुम्ही म्हणालात. हसून म्हणालात, पण म्हणालात. तर ऐका. खुलभर दुधाची कहाणी आजी पंधरा मिनिटं सांगते. आमची चित्रांची फिल्म चार मिनिटांची. म्हणजे 240 सेकंद, सेकंदाला 24 चौकटी. एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी 2880 चित्रं होतात, आणि आम्ही चौघं आहोत. कहाणीत राजा गाभारा दुधानं भरायचा हुकूम देतो आणि "गावातल्या सगळ्यांनी दूध आणलं" हे चार शब्दांत होतं. कागदावर तो गाव एकेक माणूस करून काढावा लागतो. ज्याला चेहरा दिला, त्याला समोरून, बाजूनं, मागून काढून ठेवावं लागतं, तेव्हा कुठं तो चालायला लागतो.

म्हणून पहिली कात्री माणसांवर चालली. म्हातारीच्या घरात लेकी, सुना, नातवंडं, गायी, वासरं असं गोकुळ आहे, त्यातलं एक नातू आणि एक वासरू ठेवलं. पुजारी, पहारेकरी आणि राजा या तिघांचा एकच केला, राजा. पुजारी काय करतो? गाभारा भरल्याची बातमी राजाला देतो. पहारेकरी काय करतो? पाळत ठेवतो. ही दोन्ही कामं राजानं स्वतः केली तर बिघडतं कुठं, उलट जे बघायचं ते तोच बघतो. गाव तर दिसतच नाही. नुसते हात दिसतात, कळशा, तांबे, चरव्या, आणि भिंतीवरून सरकणाऱ्या सावल्या. त्यात काम वाचलं हे खोटं कशाला बोलू, पण हुकमाखालचा गाव असाच असतो, नुसते हात.

गाभारा मात्र मी औंढ्याचा घेतला. सोबतच्या पोरांच्या डोक्यात देऊळ म्हणजे पायऱ्या चढून वर जायचं. मी त्यांना सांगितलं की नागनाथाला आपण वाकून, अंग चोरून खाली उतरतो, आणि लहानपणी आजीचा पदर धरून उतरताना दगड कसे ओले लागायचे. खाली उतरणाऱ्या पायऱ्या मिळाल्या आणि दूध किती भरलं हे दाखवायची सोय झाली. एकेक पायरी बुडत जाते. तरी एक अडचण राहिली. पांढरं दूध हललं नाही तर चित्रात ते दूध आहे की कोरा कागद, कळत नाही. मग आजीच्या कहाणीतलं बेलाचं पान आठवलं. चंदन, फूल, तांदळाचे चार दाणे मी कापले होते, बेलही कापणार होते. आता तो तरंगतो आणि त्याच्यावरून दूध चढतं की थांबलं ते दिसतं. आजी, तुझा बेल वाचला.

सगळ्यात मोठी चूक सोमवारांत झाली. कहाणीत तीन सोमवार आहेत. पहिल्याला गाभारा भरतो आणि कसा ते कुणाला कळत नाही, दुसऱ्याला पहारा असूनही उलगडा होत नाही, तिसऱ्याला राजा स्वतः बसतो. मी हुशारी केली आणि तिन्हींचा एक केला. सगळे ओततात, भरत नाही, शेवटी म्हातारी ओतते, भरतो. सव्वा मिनिट वाचलं! मग आम्ही कच्ची फिल्म केली. तिला ॲनिमॅटिक म्हणतात, म्हणजे साधी रेघांची चित्रं आवाजाबरोबर वेळेवर लावायची, खरी चित्रं काढायच्या आधी चुका कळाव्यात म्हणून. कहाणी कधीच न ऐकलेल्या पाच जणांना दाखवली आणि विचारलं, काय झालं? तिघं म्हणाले, थोडंसं कमी पडत होतं, ते म्हातारीनं पुरं केलं.

मी थंडच पडले. सगळ्या गावाच्या दुधावर तिचं खुलभर म्हणजे माझ्या चित्रात वरची भर ठरली होती. हिशेब झाला होता, कहाणी गेली होती. आपल्याला कधी असं वाटत नाही, कारण आपण अर्थ आधीच घेऊन ऐकायला बसतो. मग एकाचे परत दोन सोमवार केले. पहिल्या सोमवारी गावाचं दूध तिसऱ्या पायरीवर अडतं. किती कळशा रिकाम्या झाल्या तरी बेल तिथंच गोल फिरत राहतो. संध्याकाळपर्यंत दगड सगळं पिऊन टाकतात, पान कोरड्या दगडाला चिकटतं. नंतर म्हातारी येते, त्या कोरड्या गाभाऱ्यात ओतते आणि पाठ फिरवून निघून जाते. तिच्या पाठीमागं पान सुटतं आणि एकेक पायरी चढायला लागतं. तिला ते दिसत नाही. हे आजीच्या कहाणीतच आहे, ती परतली आणि गाभारा भरला. ते मी हलवलं नाही. दुसऱ्या ॲनिमॅटिकनंतर कुणीच "कमी पडत होतं" म्हणालं नाही.

दुसऱ्या सोमवारी राजा लपून बसतो. आता आजी ज्यावरून फोनवर रुसली ते. म्हातारी राजाला जे सुनावते, की तुझ्या हुकमानं लेकरंवासरं उपाशी राहिली, त्यांचे तळतळाट लागले, ते आमच्यात नाही. आजी, तू म्हणालीस, "मग ती बोलतच नाही? कामून? बोलती म्हणून तर कहाणी हाय." तुझं बरोबर आहे आणि मला ते अजून टोचतं. पण तिनं सांगितलं असतं तर राजानं ऐकून घेतलं असतं आणि बघणाऱ्यानंही, विषय संपला असता. मला ते आधीपासून कानावर घालायचं होतं. फिल्मचं पहिलंच चित्र असं आहे: वासरू पान्हवायला सोडलंय, दोन घोट घेतो न घेतो तोच दाव्याला धरून ओढलं, तोंडाला फेस तसाच. तिथून वासराचं हंबरणं आणि लेकराचं रडणं सुरू होतं ते दवंडीखाली, घंटेखाली चालूच राहतं. फक्त म्हातारीच्या घरात नातू आणि वासरू पिऊन होतात तेव्हा थांबतं. राजाला ते ऐकू येत नाही, कारण त्याच्याभोवती कायम गलका. लपून बसतो त्या रात्री पहिल्यांदा सगळं शांत होतं आणि त्याला ऐकू येतं. तो उठतो, बाहेर जातो, पहिलं दिसलेल्या वासराचं दावं सोडतो. संपलं.

आजी, कहाणी मोडली असं वाटू देऊ नकोस. "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" असं तूच दरवेळी म्हणतेस. साठाची पाच कुणीतरी माझ्या आधीच केलेली आहेत. ते वाक्य आणि "आटपाट नगर होतं" ही दोन तुझ्याच आवाजात हवीत. मधलं सांगायला लागलीस तरी सांग, मी कापीन. आणि ऑपरेशनच्या दिवशी मी तिथं नव्हते, त्याबद्दल फोनवर नीट बोलले नाही. घशात आलं होतं म्हणून फोन ठेवला, नेट गेलं नव्हतं.

अण्णा, या महिन्यात तीस हजार पाठवलेत. बँकेच्या व्याजाचे वेगळे काढून उरलेले सोयाबीनच्या फवारणीला घ्या, माझ्या नावावर ठेवू नका. भांडी घासण्याचं गावात सांगायची गरज नाही, पण लपवूही नका. नियमात बसतात तेवढेच तास करते, अभ्यासाला काही होत नाही. नांदेडच्या स्थळाचं आई तीनदा म्हणाली. मुलगा चांगलाच असेल. मी नाही म्हणत नाही, फिल्म जूनमध्ये संपते, त्याआधी हो म्हणायला सांगू नका एवढंच. आणि त्यांना वाट बघायची नसेल तर त्यांचंही काही चुकलं नाही. पोळ्याला यायचं म्हटलं होतं, ते जमत नाही. तिकिटाचे पैसे वाचले असं म्हणायची होते, पण ते बरं दिसत नाही.

तुमची,
रेणू

ता. क. पिंट्या, इथं मिळालेले हंबरण्याचे आवाज आपल्या लाल कंधारीच्या वासरासारखे वाटत नाहीत. पहाटे धार काढायच्या आधी फोन गव्हाणीवर ठेव, पंखा आणि मोटार बंद असू दे, दोन मिनिटं पुरे. आवाज नाही आला तर राहू दे. माझ्यासाठी त्याला मुद्दाम उपाशी बांधून ठेवू नकोस.