निळी वही

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी उगाच आवाज चढवला. बाईंनी टर्म पेपर परत करून 'उसनी वाक्यं' असा शेरा मारला म्हणजे काय, या रागात होते. रात्री झोप येईना म्हणून तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. मनू, ही वाक्यं माझ्या निळ्या वहीतली ना?

तर ऐक, ती माझीही नाहीत. एम. ए.ला असताना संस्कृतीकरणावरची टिपणं मी एका गाइडमधून उतरवली. ही कल्पना मांडणारे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास, त्यांचं कूर्गवरचं १९५२चं पुस्तक तेव्हा उघडलंही नव्हतं. वहीत आहे, 'खालची जात मांस-मद्य सोडून, वरच्या जातीचे विधी उचलून एक-दोन पिढ्यांत वर चढते.' तू लिहिलंस, 'कनिष्ठ जात मांस-मदिरा वर्ज्य करून, उच्च जातीचे विधी अंगीकारून दोनेक पिढ्यांत उन्नत होते.' शब्द जडजड झाले, सांगाडा तोच, आणि श्रीनिवासांचं नाव कुठेच नाही. वहीत नव्हतं म्हणून तुझ्याकडेही नाही. हे मला राहून राहून खातंय.

वाचून झालं की वही मीट आणि आक्काला समजावतेस तसं मोठ्याने सांगून बघ, मग लिही. मी सकाळी करून पाहिलं: 'श्रीनिवास (१९५२) यांच्या मते जातींची उतरंड गोठलेली नसते, राहणी आणि पूजा बदलून एखादी जात काही पिढ्यांत आपला मान वाढवू शकते.' शब्द माझे झाले, तरी कल्पना त्यांचीच, म्हणून नाव आणि साल हवंच. इंग्रजीतून मराठीत आणलं तरी हवं. त्यांचेच शब्द ठेवलेस तर अवतरणचिन्हं आणि पान क्रमांकही. तू सुट्टीत गावात जाऊन घेतलेल्या मुलाखतींतून जे निघालं ते तुझं, तिथे त्यांचं नाव चिकटवू नकोस. (मुलाखतींचा भाग वाचला. तुझ्या बाबांना दोनदा वाचून दाखवला.)

बघ, परत वर्गात शिकवल्यासारखं झालं. राग मानू नकोस.

पण एक राहिलंच. वहीत पुढे 'यामुळे समाजरचना बदलते' असं आहे, ते तू तसंच घेतलंस. श्रीनिवासांनी १९६६च्या पुस्तकात उलट म्हटलंय: जातीची जागा बदलते, रचना तीच राहते. बाईंना तिथेच शंका आली असेल. मूळ पुस्तक वाचलेल्या मुलीने हे लिहिलं नसतं. गाइडची चूक माझ्या अक्षरात तुझ्यापर्यंत आली गं.

बाईंना वहीचं खरं सांग. ती वही 'संदर्भ' म्हणून दाखवू नकोस, आणि न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखंही नको. लायब्ररीत दोन्ही पुस्तकं मिळाली तर स्वतः वाच. नाहीच मिळाली, तर ज्या पुस्तकात त्यांचं म्हणणं वाचशील त्याचंच नाव दे, 'मधून उद्धृत' असं लिहून.

१९५२च्या पुस्तकात ते वाक्य सापडलं की पान क्रमांक मला कळव. वहीत समासात लिहून ठेवते.

तुझी आई