हयातीचा दाखला आणि माझा नातू

चि. नातवास अनेक आशीर्वाद.

आभार मानले की तू 'काय आजी!' म्हणून उठून जातोस, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन 'मी जिवंत आहे' हे सांगायचं, आणि गेल्या वर्षी तर यंत्रानं माझा अंगठाच ओळखला नाही. वयानं बोटांवरच्या रेघा झिजतात म्हणे. या वेळी तू म्हणालास, चेहऱ्यानं होतं, घरूनच करू. फोनवर दोन अॅप घेतलीस, AadhaarFaceRD आणि जीवन प्रमाणचं. आधी ऑपरेटर म्हणून तुझा चेहरा नोंदवलास, मग फोन माझ्या हातात दिलास आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभा राहिलास! इंदूरच्या सरकारी शाळेत मी मुलांना गणितं घातली ती अशीच, पण तुझ्याइतका धीर मला नव्हता.

अॅपनं विचारलं, पुनर्विवाह केलाय का? एकाहत्तराव्या वर्षी! दोघंही पोट धरून हसलो. पुढे चेहरा काही केल्या घेईना. खिडकी माझ्या पाठीशी होती, चेहऱ्यावर अंधार. तू खुर्ची फिरवलीस, उजेड समोरून आला, मी पापण्या मिटून उघडल्या आणि काम झालं.

प्रमाण आयडीचा मेसेज आला तशी मी जिलबी आणायला निघाले. तू अडवलंस. "आजी, दाखला तयार झाला, एवढंच. बँकेनं घेतला की नाही ते अजून कळायचंय." मला ते उगाच वाटलं. चार दिवसांनी jeevanpramaan.gov.in वर तो क्रमांक आणि ओटीपी घालून बघितलं, तर दाखला नामंजूर!

तू रागावला नाहीस, आणि चूकही दाखवली नाहीस. पेन्शनचा आदेश समोर ठेवलास आणि म्हणालास, पीपीओ क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून वाच. मधले दोन आकडे मी उलटसुलट टाकले होते. मुलांच्या वह्यांत असल्या चुका मी लाल पेनानं गोल करायची, स्वतःची मात्र दिसली नाही. नामंजूर दाखल्यात दुरुस्ती होत नाही, सगळं पहिल्यापासून करून नवा प्रमाण आयडी घ्यावा लागतो, हेही तेव्हाच कळलं. दुसऱ्यांदा तू खोलीतही नव्हतास.

तो दाखला मंजूर झाला. जिलबी त्या दिवशी आली.

पीपीओ क्रमांक आता मोठ्या अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. पुढच्या नोव्हेंबरात शाळेतल्या माझ्या मैत्रिणीचा दाखला करायचा आहे. ऑपरेटर मी होणार. तू यायचंस, पण हात पाठीमागे बांधून.

तुझी,
आजी