‘चूक माझी’ असं लिहिणाऱ्या काकूंना

प्रिय काकू,

तुम्ही बंगळुरूला लेकीकडे गेलात त्याला आज अठरा दिवस झाले. समोरच्या दाराला कुलूप आहे, तरी रात्री नऊ वाजले की माझा हात श्रुतलेखनाची वही शोधायला जातोच. परवा आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त मी लिहिलं. सात पानं होती. अध्यक्षांनी वाचली, सही केली आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे चूक सापडली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरी येऊन आधी थोडी रडले, मग हे लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण दुसऱ्याच माध्यमात शिकून मराठीत नोकरी करणारी मी काही एकटी नाही.

मी बडोद्याची. घरात मराठी, शाळा गुजराती. बोलताना कुणाला शंका येत नाही, कागदावर मात्र उघडी पडते. गुजरातीत ‘તું’ लिहिताना उकार ऱ्हस्व, म्हणून माझ्या मराठी ‘तू’चा उकारही ऱ्हस्वच पडायचा. लग्न होऊन नाशिकला आले, नोकरी लागली, आणि तिसऱ्याच महिन्यात तो ठराव झाला. साहेबांनी सांगितलं होतं ‘सभासदांच्या मागणीनुसार’, मी लिहिलं ‘सभासदाच्या मागणीनुसार’. एक ठिपका गेला आणि सगळ्यांची मागणी एकट्याची झाली. सभेत ठराव वाचला तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, “हा एक सभासद कोण, जरा उभा राहा की!” सभा हसली. साहेब हसले नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, कान तपासून घ्या.”

कान तपासले नाहीत, क्लास लावला. स्पर्धा परीक्षांचा होता, नाव घेत नाही. तिथले सर अर्धं पान एका दमात सांगायचे, वही लाल करायचे आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला लावायचे. मी ‘बहीण’ दहा वेळा लिहून नेलं. दुसऱ्या दिवशी वाक्यात ‘बहिणीला’ आलं, मी इमानदारीत ‘बहीणीला’ लिहिलं. पुन्हा लाल. मग ‘बहिणीला’ दहा वेळा. दोन्ही शब्द एकाच नियमाची दोन टोकं आहेत हे तिथे कुणी सांगितलं नाही. वर ते सर दीर्घ अक्षर आलं की ओढून वाचायचे, “मूऽऽल”. अख्ख्या वर्गाचं बरोबर यायचं आणि शिकायचं कुणीच नाही. पतसंस्थेत कोण मला ओढून सांगणार होतं? अडीच महिन्यांची फी गेली.

मग तुमच्याकडे विरजण मागायला आले होते आणि बोलता बोलता हे सगळं सांगून बसले. तुम्ही विचारलंत, “वही आहे का जवळ?” एवढंच.

पहिल्या दिवशीचा उतारा मला अजून पाठ आहे. बावीस शब्दांचा. “पावसाची चिन्हं होती. तरी आजी छत्री घरीच ठेवून गेली. दुपारी मुलींनी तिला फोन केला. जेवून येते म्हणाली आणि पाच वाजता भिजून आली.” मला वाटलं, एवढासाच? आधी पेन खाली ठेवायला लावलंत आणि सगळा उतारा एकदा नेहमीच्या बोलण्याच्या वेगात वाचलात. मग तुकड्यांनी, चार-पाच शब्दांचा एक तुकडा, तोही अर्थ जिथे थांबतो तिथे तोडलेला. तुकडा ऐकून मनात एकदा म्हणायचा आणि मगच लिहायचा. एक-एक शब्द सांगा म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत. शब्द सुटा दिला की तो लक्षात ठेवावा लागत नाही, आणि मग कान आळशी होतो, असं तुमचं म्हणणं. शेवटी पुन्हा सलग वाचन, तेव्हा मी पेन्सिलीने दुरुस्त करायचं.

दुरुस्त करूनही चार चुका उरल्या. मी लिहिलं होतं ‘छत्री घरीच घेऊन गेली’. पुढे ‘मुलीनी’, ‘जेऊन’ आणि ‘आणी’. मी लालची वाट बघत होते. तुम्ही साधी शिसपेन्सिल घेतलीत. ‘घेऊन’वर ‘का’ लिहिलंत, ‘जेऊन’ आणि ‘आणी’वर ‘ले’. का म्हणजे कान, ले म्हणजे लेखणी. मग ‘मुलीनी’पाशी थांबलात. ते वाक्य स्वतःशीच दोनदा पुटपुटलात, कागद डोळ्यांजवळ नेलात, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंत, ‘चूक माझी’. म्हणालात, “कवळी नवीन आहे गं, अनुस्वार मीच गिळला. पुढे न आला की तो त्याच्यात विरतोही लवकर.”

काकू, ज्या ठिपक्यावरून भरसभेत माझे कान काढले गेले, त्याच ठिपक्याला तुम्ही ‘चूक माझी’ म्हणालात. ठरावाची गोष्ट सांगितली होती मी तुम्हाला, पण तुम्ही माझी समजूत घालायला तसं लिहिलं नव्हतंत. तुम्ही खरंच तपासलं होतंत. ते बघूनच माझ्या घशाशी आलं. त्या साहेबांनी ‘सभासदांच्या’ म्हणताना तोंडात पान होतं की नव्हतं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

बाकीच्या तीन चुकांवर तुम्ही तासभर घेतलात. ‘घेऊन’बद्दल म्हणालात, “तू ऐकलं नाहीस, ओळखलंस.” खरं होतं. पाऊस आला, छत्री आली, पुढचं वाक्य मी माझ्या मनातूनच लिहून टाकलं. ‘घरीच’ हा शब्द कागदावर मीच लिहिलेला, तरी ‘घरीच घेऊन’ खटकलं नाही. पुढे तुमच्या प्रत्येक उताऱ्यात असं एक आडमुठं वाक्य असायचंच. दिवाळीत गावाहून पाहुणे परत गेले, चहात मीठ कमी पडलं. अंदाजाने लिहिणारी तिथे नेमकी सापडायची.

‘जेऊन’ मात्र कानाचं काम नव्हतं. ‘ऊन’ आणि ‘वून’ यांत ऐकून फरक कळत नाही, तिथे धातू विचारायचा. जेव, ठेव, धाव, पाठव यांच्या पोटात आधीच व आहे, म्हणून जेवून, ठेवून, धावून, पाठवून. घे, ये, जा, खा यांच्यात तो नाही, म्हणून घेऊन, येऊन, जाऊन, खाऊन. एका वाक्यात ‘ठेवून’ ठेवून तुम्ही माझा कान आणि लेखणी दोन्ही एकदम पकडली होतीत, हे मला नंतर कधीतरी उमगलं. आणि ‘आणी’? शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ हे मी क्लासात घोकलेलं, पण ‘आणि’ आणि ‘नि’ हे अपवाद गाळून.

ऱ्हस्व-दीर्घाचं तर तुम्ही स्वच्छच सांगितलंत, की मराठी माणूस बोलताना ते नीट पाळत नाही, मग ऐकणारीला कुठून कळणार? बहीण, मूल, फूल यांत शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणून त्याच्या आधीचं दीर्घ. प्रत्यय लागला की तेच ऱ्हस्व होतं, बहिणीला, मुलाला, फुलाला. गुण, विष, गणित हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, ते या नियमाला जुमानत नाहीत. म्हणून तुमच्या उताऱ्यात शब्द जोडीने यायचे, एका वाक्यात फूल आणि पुढच्यात फुलाला. तीन दिवसांनी तोच उतारा पुन्हा, फक्त मुलींनीच्या जागी मुलीने. पाठांतरावर विसंबले की मी आपटायचे.

महिन्याच्या शेवटी तुम्ही वहीतले ‘का’ आणि ‘ले’ वेगवेगळे मोजायचात. दुसऱ्या महिन्यात ‘का’ उताऱ्यामागे एखादाच उरला, ‘ले’ मात्र हलेनात. क्लासातल्या सरांनी आणखी उतारे दिले असते. तुम्ही आठवडाभर उतारे बंद केलेत आणि नुसते धातू आणि सामान्यरूपं करून घेतलीत. ऐकू येतंय तिला आणखी ऐकवून काय उपयोग, म्हणालात.

छापखान्यातल्या तुमच्या गोष्टी याच सुमारास निघाल्या. मूळ प्रत एकाने मोठ्याने वाचायची आणि प्रुफावर नजर तुमची. शुद्धलेखनाचे 1962 चे चौदा नियम आधीच आलेले, 1972 साली आणखी चार आले तेव्हा तुम्ही नुकत्याच लागला होतात, आणि जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यांतले ‘नांव’, ‘कांहीं’ यांवरचे ठिपके खोडणं हे नव्या मुलीचं काम होतं. उमेदवारी ठिपके काढण्यात गेली आणि म्हातारपणी माझ्या ‘सभासदां’वर ठिपका बसवत बसलात. त्याबद्दल एक रुपया घेतला नाहीत. दिवाळीत साडी आणली तर रागावलात, शेवटी शिसपेन्सिलींचा डबा चालला.

समोरच्याचं चुकलं म्हणण्याआधी, आपण नेमकं काय उच्चारलं ते स्वतःच्या तोंडात एकदा घोळवून बघणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. नोकरीत तर एकही नाही. मी मात्र परवा एक केलं. नव्या मुलीला पत्र सांगत होते, तिने ‘खातेदारांना’चं ‘खातेदाराना’ केलं. तोंडावर आलं होतं. गिळलं, आणि वाक्य पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा तिने बरोबर लिहिलं.

वहीची एकोणचाळीस पानं कोरी आहेत. मागच्या रविवारी फोनवर प्रयत्न केला, पण तुमचं ‘शाल’ मी ‘साल’ लिहिलं आणि त्यावर ‘का’ लिहायचा, ‘ले’ लिहायचा की फोन कंपनीच्या नावाने काही लिहायचं, यावर आपण वीस मिनिटं वाद घातला. तेव्हा फोनवर नको. मे महिन्यात तुम्ही आंब्यांना येणार आहात ना, तेव्हा बघू. कवळी बसली का नीट?

तुमची,
समोरच्या दारातली