फ्लॅट क्र. ३०२ च्या वारसनोंदीला हरकत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापकीय समिती,
आमची सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव

विषय : फ्लॅट क्र. ३०२ चे सभासदत्व सूनबाईंच्या नावे वर्ग करण्याच्या प्रस्तावावर हरकत

महोदय,

लिफ्टजवळच्या फलकावर लावलेली सूचना वाचली. फ्लॅट क्र. ३०२ च्या दिवंगत सभासद बाईंचे सभासदत्व त्यांच्या सूनबाईंच्या नावे वर्ग करण्याचा विषय समिती पुढच्या बैठकीत घेणार आहे. बाईंच्या खुनाच्या आरोपाखाली त्यांचा मुलगा आज हिंडलगा तुरुंगात आहे आणि सत्र न्यायालयात त्याच्यावरचे आरोपपत्र दाखल झाले आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मी अनेक वर्षे येथील दिवाणी न्यायालयात वकिली केली असल्याने ही हरकत लेखी देणे मला आवश्यक वाटते. तिचा रोख मुलाच्या अपराधावर नाही. तो त्याने केला की नाही हे न्यायालय ठरवील, सोसायटीने ठरवायचे नाही.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चे कलम २५ सांगते की, खून करणारा किंवा खुनाला साहाय्य करणारा माणूस, ज्याचा खून झाला त्याच्या मालमत्तेचा वारस होण्यास अपात्र ठरतो. कलम २७ त्याचा परिणाम सांगते : अशा अपात्र माणसाला मयताच्या आधीच मरण पावलेले धरून मालमत्ता पुढे जाते. वारसाहक्क मृत्यूच्या क्षणीच उघडतो, म्हणून अपात्रताही त्याच क्षणापासून लागते. पुढे गुन्हा सिद्ध झाला, तर मुलाला मिळालेले काही काढून घेतले असे होत नाही. त्याला मुळात काही मिळालेच नव्हते असे ठरते. मधल्या काळात त्याने किंवा त्याच्या कुलमुखत्याराने फ्लॅट विकला, तर घेणाऱ्याच्या हाती काही येत नाही, आणि ना हरकत दाखला देणारी सोसायटी मात्र दाव्यात प्रतिवादी होऊन बसते.

आता सूनबाईंच्या अर्जासोबत जोडलेल्या एकपानी अभिप्रायाकडे येतो. त्यात मांडणी अशी आहे की, मुलगा अपात्र ठरला तरी कलम २७ प्रमाणे तो आईच्या आधी वारला असे धरायचे असल्याने तो ‘पूर्वमृत मुलगा’ होतो, आणि पूर्वमृत मुलाची पत्नी व मुलगी आपोआप वारस होतात. मांडणी वरवर बिनतोड दिसते. पण ती दोन ठिकाणी तुटते.

पहिले ठिकाण असे. फ्लॅट बाईंनी शिक्षिकेच्या नोकरीतल्या स्वतःच्या कमाईतून घेतला होता आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नाही. स्त्रीच्या अशा मालमत्तेला कलम १५ लागते. त्यानुसार पहिल्या क्रमात मुलगे, मुली, पूर्वमृत मुलामुलींची अपत्ये आणि पती येतात. पूर्वमृत मुलाच्या विधवेचे नाव या क्रमात नाही. पुरुषाच्या वारसांच्या पहिल्या वर्गात ते आहे, आणि बहुधा तेथूनच अभिप्राय देणाऱ्यांनी ते उचलले असावे. बाईंचे पती आधीच वारले आहेत आणि कोल्हापूरला दिलेली मुलगी हयात आहे. म्हणजे मुलगा खरोखरच आईआधी वारला असता, तरीही सूनबाईंना सासूच्या फ्लॅटमध्ये हिस्सा मिळाला नसता. त्यांच्या अर्जाचा पाया एवढ्यानेच ढासळतो.

दुसरे ठिकाण नातीचे, आणि ते अधिक अवघड आहे. कलम १५ व २७ शब्दशः वाचली तर पूर्वमृत मुलाची मुलगी म्हणून तिला अर्धा हिस्सा मिळायला हवा. पण प्रिव्ही कौन्सिलने १९२४ साली केंचव्वा विरुद्ध गिरिमल्लप्पा या प्रकरणात सांगितले की, खुनी माणूस जणू अस्तित्वातच नव्हता असे धरावे आणि त्याच्यापासून वारसांची नवी शाखा सुरू होत नाही. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून वर गेले होते. त्या काळी आपले बेळगावही मुंबई इलाख्यातच होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वेल्लीकन्नू प्रकरणात हेच तत्त्व पुढे नेले. त्यात मुलाने वडिलांचा खून केला होता आणि त्या मुलाची पत्नी, पूर्वमृत मुलाची विधवा या नात्याने, सासऱ्याची मालमत्ता मागत होती. न्यायालयाने कलम २५ व २७ एकत्र वाचून तिची मागणी फेटाळली आणि त्या मुलाची सगळी शाखाच वारसाहक्काबाहेर जाते, पत्नी असो वा मुलगा, असे म्हटले.

न्यायालयापुढे प्रत्यक्ष मागणी पत्नीची होती, नातवंडाची नव्हती, ही गोष्ट मी लपवीत नाही. त्यामुळे नातीच्या वतीने कोणी दावा लावला तर वकिलाला बोलायला जागा आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने खुन्याच्या निरपराध मुलांना त्याच्या जागी वारसा मिळण्याची सोय केली आहे, आणि मला व्यक्तिशः तीच वाट न्याय्य वाटते. पण आजचा आपल्याकडचा निर्णय तिच्या विरुद्ध झुकतो, आणि हा वाद मिटविण्याचे ठिकाण आपले सोसायटीचे कार्यालय नव्हे.

समितीतील काही जण म्हणतात की, निकाल लागेपर्यंत मुलगा निर्दोषच मानला पाहिजे, मग त्याचा हिस्सा त्याच्या घरच्यांकडे दिला तर काय बिघडले? निर्दोष मानायचे म्हटले, तर हिस्सा त्याचा स्वतःचा, पत्नीचा नव्हे. शिवाय कलम २५ मध्ये ‘शिक्षा झालेला’ असे शब्द नाहीत. फौजदारी न्यायालयाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, दिवाणी न्यायालय शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहते. त्यामुळे संशयाचा फायदा मिळून मुलगा सुटला, तरी बाईंच्या मुलीला दिवाणी दाव्यात हा मुद्दा पुन्हा मांडता येतो. आणि सत्र न्यायालयाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवला, तर कलम लागू होते की नाही यावरच वाद होईल. यांतले काय घडेल ते आज कोणालाच सांगता येणार नाही.

अर्जासोबत नाडकचेरीतून आणलेला वंशवृक्षाचा दाखला आहे आणि बाईंनी स्वतःच्या हाताने भरलेला नामनिर्देशनाचा जुना फॉर्म आहे, ज्यात मुलाचे नाव आहे. दाखला कुटुंबात कोण कोण आहे एवढेच सांगतो, हक्क कोणाचा हे ठरवीत नाही. नामनिर्देशित व्यक्तीही वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारी असते, त्या नोंदीने ती मालक होत नाही. आणि तो फॉर्म मुलाच्या नावाचा आहे. त्याच्या आधारे सूनबाईंचे नाव लावायचे तर फॉर्ममध्ये नसलेली ओळच आपण वाचतो आहोत.

म्हणून माझी विनंती अशी की, सभासदत्व सध्या कोणाच्याही नावे वर्ग करू नये, अगदी बाईंच्या मुलीच्याही नाही; शेअर सर्टिफिकेट सेक्रेटरींनी सोसायटीच्या कपाटात सीलबंद ठेवावे; विक्री, गहाण वा भाडेकरारासाठी ना हरकत दाखला देऊ नये; देखभाल खर्च जो भरील त्याच्याकडून ‘हक्काला बाध न येता’ असा शेरा पावतीवर लिहून घ्यावा; आणि मुलगी, सून व नातीचे पालक यांना, दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा आणल्यावरच नोंद होईल, असे लेखी कळवावे. सूनबाई व नात त्या घरात राहत आहेत, त्यांना बाहेर काढण्याचा प्रश्न या पत्रात नाही आणि समितीनेही तो उकरू नये.

बैठकीच्या इतिवृत्तात या हरकतीची नोंद घ्यावी आणि तिची पोच मला द्यावी.

आपला,
फ्लॅट क्र. १०४ चा सभासद