वादळाच्या आदल्या संध्याकाळी काय उभे होते?

मा. संपादक,
स. न.

अर्धवट बांधलेल्या सभागृहाची वादळात पडझड झाली आणि ‘बांधकाम आधीपासूनच सदोष होते’ एवढे कारण देऊन विमा कंपनीने दावा फेटाळला, ही बातमी आपल्या अंकात वाचली. त्यावर आलेली दोन पत्रेही वाचली. वादळ आले नसते तर काहीच पडले नसते, मग दोषाचा प्रश्न येतोच कुठे, असे एक पत्रलेखक म्हणतात. दोष होता म्हणूनच पडले, असे दुसऱ्यांचे म्हणणे. मी बावीस वर्षे बांधकाम-विम्याचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहे. बातमीतल्या प्रकरणाची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण ‘वादळ की दोष’ असा प्रश्न टाकला की सर्व्हेचा अहवाल हमखास चुकतो, हे मात्र सांगावेसे वाटते.

माझ्या हाताखालून गेलेले असेच एक प्रकरण सांगतो. तेही सभागृहच होते. खांब उभे राहिले होते, त्यांवर छपराचा भार पेलणाऱ्या पाच लोखंडी कैच्या चढवून झाल्या होत्या, पत्रे यायचे होते. एका बाजूला 18 मीटर लांब आणि 3 मीटर उंच अशी काँक्रीट ब्लॉकची भिंत चार दिवसांपूर्वी पूर्ण झाली होती. तिला वरून बांधणारी तुळई अजून व्हायची होती आणि टेकूही लावलेले नव्हते. रात्रीच्या वादळात भिंत आडवी झाली, तीन कैच्या कोसळल्या, काही खांब दुखावले. कंत्राटदाराने मागितलेली रक्कम 100 भाग धरली, तर भिंतीचे 21, कैच्यांचे 54, खांबांचे 16 आणि राडारोडा हलवण्याचे 9 अशी वाटणी होती.

भिंतीबद्दल कंपनीच्या तज्ज्ञाचे मत ठाम होते: ब्लॉक जोडणारा सिमेंटचा मसाला कच्चा, म्हणून भिंत पडली. पडलेले ब्लॉक उचलून पाहिले तर त्यात तथ्यही दिसत होते. काही ब्लॉकना मसाल्याचा कणही चिकटलेला नव्हता, जणू कोणी धुऊन ठेवले असावेत. चांगल्या सांध्यात फुटताना मसाल्याचा थर अर्धा इकडे, अर्धा तिकडे राहतो. पण दोष सापडला म्हणजे कारण सापडले असे होत नाही. मी आधी भिंतीचा हिशेब मांडला. जाडी 20 सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक मीटर लांबीला वजन साधारण 1,200 किलो. मसाल्याची पकड शून्य धरली, तर भिंत स्वतःच्या कडेवर उलटू न देणारी ताकद म्हणजे हे वजन गुणिले मीटरमधली अर्धी जाडी, 120. जवळच्या वेधशाळेत वाऱ्याचा झोत ताशी 94 किलोमीटर नोंदला गेला होता. वेधशाळेचे यंत्र मोकळ्यावर 10 मीटर उंचीवर असते, जमिनीलगत वारा कमी भरतो, म्हणून मी 80 धरला. तेवढ्या वाऱ्याचा दाब सुट्या भिंतीवर दर चौरस मीटरला 36 किलोच्या आसपास येतो. 3 मीटर उंचीवर तो 108 किलो झाला, आणि मध्यावरून उलटवण्याची ताकद झाली 162. भिंतीकडे होते 120. ताशी 70 किलोमीटरलाच ती काठावर आली असणार. उरलेला भार पेलायचा तर मसाल्याने ताण घ्यायला हवा, आणि चार दिवसांच्या मसाल्यावर तो भरवसा कोणी ठेवत नाही, मग तो कितीही चांगला कालवलेला असो.

म्हणजे मसाल्याचा दोष खरा, पण त्या रात्री भिंत पाडणारा तो नव्हता. चांगल्या मसाल्याची भिंतही टेकूशिवाय पडलीच असती. टेकू का लावले नाहीत, हा प्रश्न वेगळा. तो ‘वाजवी काळजी घेतली का’ या अटीखाली येतो. आदल्या दुपारी वादळाचा इशारा आला होता की नाही आणि साइटवर तो कोणाला कळला होता का, एवढे मी अहवालात नोंदले. निवाडा करणे हे सर्व्हेअरचे काम नव्हे.

इथे अनेक सर्व्हेअर थांबतात आणि 21 च्या 21 भाग मंजूर करतात. मी थांबलो नाही, कारण सगळे ब्लॉक सारखे नव्हते. राडारोडा जिथे पडला तिथेच होता, त्यामुळे कोणता ब्लॉक भिंतीच्या कोणत्या टोकाचा हे लावता आले. कोरे निघालेले ब्लॉक शेवटच्या 6 मीटरमधलेच होते. मजुरांच्या हजेरीत आणि कामाच्या रोजवहीत तो भाग एकाच दिवशी झालेला दिसला. गवंड्याने मला बाजूला घेऊन सांगितले की दुपारच्या जेवणाआधी कालवलेला मसाला संध्याकाळी पुन्हा पाणी घालून वापरला होता. हे मी अहवालात ‘ऐकीव’ म्हणून लिहिले, पण ब्लॉक तेच सांगत होते. तो 6 मीटरचा भाग वादळ आले नसते तरी पाडूनच बांधावा लागला असता. त्याचा खर्च विमा कंपनीच्या माथी का यावा? उरलेले 12 मीटर नीट बांधलेले होते. म्हणून 14 भाग वादळाचे, 7 भाग आधीच्या दोषाचे.

या वाटणीमागची कसोटी माझी नाही. विमा क्षेत्रातल्या लंडन इंजिनिअरिंग ग्रुपने सदोष कामासाठी तयार केलेल्या कलमांपैकी ‘एल.ई.जी. 2’ हे कलम पॉलिसीत असेल, तर ज्या भागात दोष होता त्याचे नुकसान झाल्यास तेवढाच खर्च वगळतात, जो नुकसानीच्या अगदी आधी दोष दुरुस्त करायला घेतला असता तर आला असता. बाकीचे नुकसान भरून मिळते. ‘एल.ई.जी. 1’ असेल तर दोषामुळे झालेले सगळेच नुकसान वगळले जाते. ‘एल.ई.जी. 3’ असेल तर मूळ कामापेक्षा चांगले करण्याचा जादा खर्च तेवढा वगळतात. त्यामुळे पॉलिसीचे हे पान न उघडता ‘सदोष’ हा शब्द लिहिण्याला काही अर्थ नाही. माझ्या प्रकरणात कलम 2 होते, आणि मी प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहीत गेलो: आदल्या संध्याकाळी हे दुरुस्त करायला घेतले असते तर काय लागले असते?

कैच्यांच्या बाबतीत या प्रश्नाने सगळे चित्र पालटले. चौथी आणि पाचवी कैची पर्लिनने, म्हणजे पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या लोखंडी दांड्यांनी, एकमेकींना जोडलेल्या होत्या, म्हणून उभ्या राहिल्या. पहिल्या तीन सुट्या होत्या. पहिलीच्या एका टोकाला बोल्टवर नटच नव्हते. कंत्राटदार म्हणाला, वादळात हिसडा बसून नट उडाले. पण नट उडाला असता तर बोल्टचे आटे चिरडलेले, ओरबाडलेले दिसले असते. या आट्यांत काँक्रीट ओतताना उडालेली सिमेंटची रबडी तशीच वाळून बसली होती. तिथे नट कधी चढलाच नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या कैचीचे बोल्ट मात्र वाकून, ताणून तुटले होते. तुटीच्या जागी ते बारीक झालेले, आतला धातू राखाडी आणि कोरा, वर रात्रीच्या पावसाने आलेला केशरी गंजाचा हलका थर. पहिली कैची कलंडली, तिने पुढच्या दोघींना ओढत नेले. नट, वायसर, दोन माणसे आणि अर्धा दिवस मिळून आदल्या संध्याकाळी 1 भाग खर्च आला असता. म्हणून 54 पैकी 53 देय, असे मी लिहिले. कंपनी यावर चिडली, आणि तिचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. ऑल रिस्क पॉलिसीच्या जुन्या, सर्रास वापरल्या जाणाऱ्या मसुद्यात सदोष कामाचा थेट फटका बसलेली वस्तूच वगळतात आणि नीट केलेल्या बाकी कामाचे नुकसान देतात. तो मसुदा असता तर ‘वस्तू’ म्हणजे नटाचा जोड की अख्खी कैची, यावर एका कैचीचे 18 भाग अडले असते. मी दोन्ही आकडे लिहून दिले. अहवाल लिहिणाऱ्याने अशा ठिकाणी एकच आकडा देऊन मोकळे होऊ नये.

खांबांचे 16 भाग सर्वांत सोपे निघाले. कंत्राटदाराने तीन खांबांच्या पायथ्याच्या भेगा दाखवल्या. भेगांशेजारी पोकळ, खडी उघडी पडलेले काँक्रीट होते. भेगेच्या आत धूळ बसलेली, कडा बोथट, आणि एका भेगेत तर जोत्यावरून उतरलेल्या सिमेंटच्या पाण्याचा पांढरा ओघळ. सल्लागाराच्या मोबाइलमध्ये 23 दिवसांपूर्वीचा फोटो होता, त्यात तीच भेग. ते 12 भाग गेले. उरलेले 4 भाग एका खांबाच्या वरच्या कोपऱ्याचे, जिथे पडती कैची आदळली. तिथली फूट धारदार होती आणि खडीचे दगड मधून फुटलेले होते, धूळ नावालाही नाही. (ताजे काँक्रीट गुलाबी करणारे फेनॉल्फ्थॅलीन हे रसायन टाकून भेगेचे वय सांगतो असे कोणी म्हणाले तर सावध राहा. काही आठवड्यांच्या काँक्रीटवर हवेचा परिणाम इतका वरवरचा असतो की त्या गुलाबी रंगावरून फारसे काही ठरत नाही.)

राडारोड्याच्या 9 पैकी 1 भाग त्या 6 मीटरच्या भिंतीचा, तो तसाही उचलावाच लागला असता. बेरीज 79 झाली, त्यातून पॉलिसीप्रमाणे विमाधारकाने सोसायची रक्कम वजा. कंत्राटदाराला 100 हवे होते, कंपनीला शून्य. माझ्यावर दोघेही नाराज झाले.

आपल्या बातमीत म्हटले आहे की साइट दुसऱ्याच दिवशी साफ केली गेली. मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. माझ्या प्रकरणात ब्लॉक जागेवर नसते, तर 12 मीटर आणि 6 मीटर वेगळे करता आले नसते, आणि नट नसलेला बोल्ट भंगारात गेला असता तर उडालेल्या नटाची गोष्ट खोडून काढायला माझ्याकडे काहीच उरले नसते. वाटेतला धोका दूर करावा लागतो, हे मान्य. पण आधी चारही बाजूंनी फोटो, मग प्रत्येक टोकाचे दहा-बारा ब्लॉक आणि सगळे बोल्ट खुणा करून पोत्यात, एवढे तासाभरात होते. आपल्या वार्ताहरांनी पुढच्या बातमीत जमल्यास दोन गोष्टी विचाराव्यात: पॉलिसीत दोषाविषयीचे नेमके कोणते कलम आहे, आणि साफसफाई कोणाच्या सांगण्यावरून झाली.

आपला,
एक निवृत्त विमा सर्वेक्षक